पूर, पाऊस आणि पीकपद्धती : इनामगावच्या उत्खननातून

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात, भीमेची उपनदी असलेल्या घोड नदीच्या काठी इनामगाव येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात विस्तृत उत्खनन केले. ह. धी. सांकळिया, म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांनी प्रकाशात आणलेल्या या ताम्रपाषाणयुगीन गावात सुमारे नऊशे वर्षे सलग वस्ती होती. नदीचा पूर आणि बदलता मोसमी पाऊस यांनी शेतीला कसे वळण दिले, हे या गावाच्या थरांतून पाहता येते.

या वस्तीचे तीन कालखंड मानले जातात : माळवा (सुमारे इ. स. पू. १६०० ते १४००), पूर्व जोर्वे (१४०० ते १०००) आणि उत्तर जोर्वे (१००० ते ७००).

हा प्रदेश पर्जन्यछायेत येतो. पाऊस बेताचा आणि अनिश्चित असला, तरी नदीचा उगम सह्याद्रीत असल्यामुळे गावात पाऊस नसतानाही नदीला पूर येऊ शकतो. त्यामुळे येथील शेतकऱ्यापुढे दुहेरी प्रश्न होता. पुराचे पाणी घरात शिरू द्यायचे नाही, पण ते वाहून वाया जाऊ द्यायचे नाही.

पूर्व जोर्वे काळातील लोकांनी दोन्ही प्रश्नांना एकत्रच उत्तर दिले. त्यांनी सुमारे चार मीटर रुंद आणि साडेतीन मीटर खोल चर खोदून पुराचे पाणी वळवले व त्यालगत दगडमातीचा बांध घातला. बांधामुळे वस्तीचे रक्षण झाले आणि चरातील पाणी शेतीला उपयोगी पडले, असा उत्खनकांचा निष्कर्ष आहे. एवढे खोदकाम एका कुटुंबाच्या आवाक्यातील नव्हते. त्यासाठी श्रमाची वाटणी ठरवणारी आणि पुढे पाण्याची वाटणीही पाहणारी व्यवस्था गावात असली पाहिजे. याच काळातील पाच खोल्यांचे मोठे घर आणि त्याशेजारचे धान्यकोठार यांवरून उत्खनकांनी गावप्रमुखाचे अस्तित्व सुचवले आहे.

या पाण्याचे मोल पिकांवरून कळते. उत्खननात जळून कोळसा झालेले सातू, म्हणजे जव, गहू, मसूर, वाटाणा व हुलगा यांचे दाणे मिळाले. त्यांत जव प्रमुख होते. जव आणि गहू ही रब्बीची पिके. काळी जमीन पावसाळ्यातील ओल धरून ठेवते, आणि त्या ओलीवर जव तग धरतो. गव्हाला मात्र फुटवे फुटताना आणि दाणा भरताना पाण्याचा आधार लागतो. म्हणून धान्याच्या अवशेषांतील गव्हाचे प्रमाण हे त्या काळच्या पाण्याच्या उपलब्धतेचे एक दर्शक ठरते.

इ. स. पू. १००० च्या सुमारास चित्र बदलले. गोदावरी आणि प्रवरा खोऱ्यांतील बहुतेक जोर्वे वस्त्या ओस पडल्या. इनामगाव टिकले, पण पूर्वीसारखे राहिले नाही. प्रशस्त चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. शेतीचे उत्पन्न घटले आणि मेंढ्या-शेळ्यांचे पालन व शिकार यांवरील भर वाढला. वाढती कोरडी हवा आणि घटता पाऊस हे ढवळीकरांच्या मते याचे मुख्य कारण होते. मोसमी पाऊस कमी झाला की पूरही कमी होतात, आणि पुराच्या पाण्यावर बेतलेला चर निकामी ठरतो. अशा वेळी चाऱ्याच्या शोधात फिरू शकणारा कळप हा एका जागी अडकलेल्या शेतापेक्षा भरवशाचा आधार असतो. अखेर इ. स. पू. ७०० च्या सुमारास हे गावही सोडले गेले.

या पुराव्याच्या मर्यादाही ध्यानात घ्याव्या लागतात. चुलीत किंवा आगीत जळालेलेच दाणे टिकतात. त्यामुळे त्यांच्या संख्येवरून पिकाखालील क्षेत्र काढता येत नाही. दोन थरांतील तुलना तेवढी करता येते. गोल झोपडी हेही केवळ दारिद्र्याचे लक्षण नव्हे, ती फिरत्या जीवनाची सोय असू शकते. म्हणून घरांचा आकार, धान्य आणि जनावरांची हाडे हे तिन्ही पुरावे एकाच काळात एकाच दिशेने सरकताना दिसतात, तेव्हाच हवामानबदलाचा निष्कर्ष बळकट होतो. गावाच्या आजच्या पीकबदलाचा अभ्यास करतानाही हीच कसोटी उपयोगी पडते : केवळ पेरणीची आकडेवारी न पाहता पीक, पशुधन आणि हंगामी स्थलांतर यांच्या नोंदी एकत्र तपासाव्यात.