शिल्लक रजेची तरतूद

31 मार्चचा ताळेबंद करताना शिल्लक रजेचं देणं अंदाजाने टाकू नका. पन्नासहून कमी माणसं असलेल्या बिगर-कंपनी आस्थापनेत ते घरच्या घरी काढता येतं. सगळे कामगार आजच नोकरी सोडून गेले, तर त्यांना किती रक्कम द्यावी लागेल, एवढंच मोजायचं. त्याहून मोठ्या ठिकाणी सहसा अॅक्च्युअरीकडून मूल्यांकन घ्यावं लागतं.

आधी रजा नोंदवही मस्टरशी ताडून घ्या. चुकीचं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात घेतलेल्या रजेचा अर्ज एप्रिलमध्ये टेबलावर येतो आणि शिल्लक तेवढ्या दिवसांनी फुगलेली राहते. म्हणून 10 एप्रिलपर्यंत आलेले अर्ज पाहिल्याशिवाय आकडा पक्का करू नका. नैमित्तिक रजा यात धरायची नाही, ती वर्षाअखेरीस संपते.

आता पुण्यातल्या एका दुकानातला कामगार घेऊ. सुरुवातीची अर्जित रजा 41 दिवस. वर्षात तो 280 दिवस कामावर होता. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार 240 दिवस भरले की दर 20 दिवसांमागे एक दिवस मिळतो, म्हणून 14 दिवस जमा. घेतली 6. शिल्लक 49.

कायद्याने साठवायची मर्यादा 45 दिवसांची आहे. वरचे चार दिवस लगेच खोडू नका, अर्जांची फाइल उघडा. या कामगाराने फेब्रुवारीत पंधरा दिवस आधी अर्ज करून चार दिवस मागितले होते आणि मालकाने ते नाकारले होते. असे दिवस 45 च्या वर गेले तरी त्यांचे पैसे मागायचा हक्क कामगाराला आहे, तेव्हा 49 च धरायचे. अर्जच नसता, तर 45.

दर मार्चच्या पगाराचा. जानेवारीत पगारवाढ झाली असली, तरी जुन्या रजेलाही नवाच दर लागतो. या दुकानाच्या नियमानुसार मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 26,000 रुपये, भागिले 26, म्हणजे दिवसाला 1,000. देणं 49,000 रुपये. नियमात 30 ने भागायचं असेल तर तसंच करा, पण दरवर्षी भाजक बदलू नका.

गेल्या वर्षीची तरतूद 41 दिवसांची, 900 रुपयांच्या दराने, 36,900 होती. वर्षात त्यातून काही दिलेलं नाही, तेव्हा यंदाचा खर्च फरकाएवढाच, 12,100. रजा रोखीकरण खर्च नावे, रजा रोखीकरण तरतूद जमा. वर्षात कुणी नोकरी सोडून पैसे घेऊन गेलं असेल, तर ती रक्कम आधी तरतुदीला नावे टाका, मग फरक काढा. कुणाची शिल्लक उणे निघाली, तर ती दुसऱ्याच्या देण्यातून वजा करू नका, त्याच्यापुढे शून्य लिहा.

प्राप्तिकराच्या हिशोबात मात्र हे 12,100 नफ्यात परत मिळवावे लागतात, कारण वजावट प्रत्यक्ष पैसे दिल्यावरच मिळते.