एका प्रोग्रॅमला स्कॅनर दिसतो, दुसऱ्याला का नाही?

साताऱ्यात आणि सांगलीत वकील, अडते, झेरॉक्सवाले यांचे संगणक बघताना एक तक्रार सारखी येते : "कंपनीच्या प्रोग्रॅममध्ये स्कॅन होतंय, दुसऱ्यात स्कॅनर सापडतच नाही." स्कॅनर एका ठिकाणी चालतो, म्हणजे केबल आणि यंत्र ठीक आहे. मग शोध ड्रायव्हरचा घ्यायचा.

१. प्रोग्रॅम कोणत्या दारानं जातो ते आधी बघा. एक दार ट्वेनचं, १९९२ पासूनचं. त्यात उत्पादकाची स्वतःची खिडकी उघडते. दुसरं डब्ल्यूआयएचं, मायक्रोसॉफ्टचं, विंडोज मी आणि एक्सपीपासूनचं. पेंट आणि विंडोज फॅक्स अँड स्कॅन फक्त डब्ल्यूआयएचं दार ठोठावतात.

२. २०१९ च्या पुरानंतर सांगलीच्या गणपती पेठेतल्या एका अडत्याला वाचलेल्या वह्या स्कॅन करून ठेवायच्या होत्या. जुना स्कॅनर कंपनीच्या खिडकीतून चालत होता, पेंटमध्ये मात्र त्याचं नावच नव्हतं. त्याचा ड्रायव्हर नुसता ट्वेनचा होता. विंडोज डब्ल्यूआयए स्कॅनर ट्वेनच्या यादीत दाखवतं, आणि तिथं नावाआधी `WIA-` लागतं. उलट दिशेची सोय विंडोजमध्ये नाही. त्यामुळे पेंट पुन्हा टाकून काही साधलं नसतं. NAPS2 या मोफत प्रोग्रॅममध्ये प्रोफाइल करताना ड्रायव्हर निवडता येतो. तिथं ट्वेन निवडला आणि वह्या स्कॅन होऊ लागल्या.

ट्वेनच्या यादीत एकाच यंत्राची दोन नावं दिसली तर `WIA-` नसलेलं आधी घ्यावं, असं माझं मत आहे. फीडर आणि दोन्ही बाजूंच्या स्कॅनिंगचे पर्याय बहुधा तिथंच पूर्ण मिळतात.

३. दोन्ही प्रोग्रॅम ट्वेनचेच, तरी एक आंधळा? मग बिट बघा. साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या एका वकिलांच्या कार्यालयात जुना ३२-बिट प्रोग्रॅम चालत होता, नव्या ६४-बिट प्रोग्रॅमची यादी रिकामी होती. ट्वेन ड्रायव्हर प्रोग्रॅमच्याच पोटात उतरून काम करतो, आणि ६४-बिट प्रोग्रॅमला ३२-बिट फाइल स्वतःत घेता येत नाही. हे दोन फोल्डर उघडून पाहिले :

```
C:\Windows\twain_32
C:\Windows\twain_64
```

पहिल्यात स्कॅनरची `.ds` फाइल होती, दुसऱ्यात नव्हती. विंडोजचा तो `WIA-` पूलही ३२-बिटच असल्यानं इथं उपयोगी पडत नाही. नव्या प्रोग्रॅमची ३२-बिट आवृत्ती टाकल्यावर स्कॅनर लगेच यादीत आला. प्रोग्रॅम कोणत्या बिटचा आहे ते टास्क मॅनेजरच्या Details मध्ये Platform हा रकाना जोडला की कळतं.

४. पेंटला काल दिसणारा स्कॅनर आज दिसत नसेल, तर डब्ल्यूआयएची सेवा बंद पडली आहे का ते कमांड प्रॉम्प्टमध्ये बघा.

```
sc query stisvc
```

उत्तरात STOPPED आलं, तर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये `net start stisvc` द्या. RUNNING असेल आणि नाव आधीही कधी आलं नसेल, तर उत्पादकाच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलचा डब्ल्यूआयए ड्रायव्हर आहे का ते शोधा. नसेल तर पेंटचा नाद सोडून ट्वेन समजणारा प्रोग्रॅम घ्या.