भेंडीच्या भाजीला तार का सुटते?

प्रश्न : भेंडी चिरून, झाकण ठेवून शिजवते; पण भाजी बुळबुळीत होते. काय चुकतं?
– एक गृहिणी, कोल्हापूर

उत्तर : भेंडीतला चिकट रस पाणी शोषून फुगतो, म्हणून तार सुटते. झाकणाला लागलेली वाफ पाणी होऊन पुन्हा भाजीतच पडते. तेव्हा झाकण नकोच.

पाव किलो कोवळी भेंडी अख्खीच धुऊन, पुसून पंख्याखाली पसरा. कोल्हापूरच्या पावसाळी दमट हवेत ती वाळायला जास्त वेळ लागतो. हाताला ओल लागेनाशी झाली की कोरड्या सुरीने अर्ध्या इंचाचे तुकडे करा. फार बारीक चिरल्यास जास्त रस सुटतो.

रुंद लोखंडी कढईत दोन मोठे चमचे तेल तापवून मोहरी तडतडू द्या. तुकडे एका थरात पसरा, दोन-तीन मिनिटं हलवू नका. नंतर मध्यम आचेवर अधूनमधून परता. मध्येच तार दिसेल. ती आटू द्या. साधारण दहा-बारा मिनिटांत कडा तांबूस होतात आणि उलथन्याला तार लागत नाही. मिठामुळे पाणी सुटतं, म्हणून मीठ आता घाला. कांदा-लसूण चटणी करपते, तीही मंद आचेवर शेवटीच.

भेंडी अर्धा किलो असेल तर दोन भागांत परता. कढईत दाटी झाली की ती परतण्याऐवजी वाफेवर शिजते.