प्रासाद आणि झोपडी

प्रश्न : लहानपणी लंडनमध्ये मराठी कुटुंबांच्या स्नेहसंमेलनात मे महिन्यात सावरकर जयंतीला एक गाणे ऐकले होते. ‘प्रासाद’, ‘झोपडी’ आणि ‘आई’ एवढेच शब्द आठवतात. ते कोणते असेल?

उत्तर : गाण्याचे धृपद तुमच्या लक्षात राहिलेले नाही, आठवणारे शब्द कडव्यातले आहेत. म्हणून पहिल्या ओळींच्या सूचीत ते सापडत नाही, पूर्ण शब्दांतच शोधावे लागते. नुसत्या झोपडीवरून तुकडोजी महाराजांच्या प्रसिद्ध भजनाची शंका येईल. त्यातही श्रीमंताच्या घराशी तुलना आहे, पण तिथला शब्द ‘महाल’ आहे आणि सूर समाधानाचा आहे. तुमच्या आठवणीतली झोपडी आईची आहे, म्हणजे गाणारा तिच्यापासून दूर आहे. प्रासाद, आई आणि झोपडी हे तिन्ही सावरकरांच्या ‘सागरास’ या कवितेत एकत्र येतात. ‘ने मजसी ने’ या नावाने ती सर्वांना ठाऊक आहे. प्रसंगही जुळतो : 28 मे ही त्यांची जयंती, आणि ही कविता त्यांनी 1909 मध्ये इंग्लंडातच, ब्रायटनच्या किनाऱ्यावर रचली. त्या देशातल्या मराठी घरांना ती जवळची वाटणे अगदी स्वाभाविक आहे.

खात्रीसाठी हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीतले, मंगेशकर भावंडांनी गायलेले ध्वनिमुद्रण ऐका. चाल ओळखीची वाटली नाही, तरी लगेच नाकारू नका; संमेलनात कुणी वेगळ्या चालीतही म्हटले असेल. त्या वेळच्या कुणा वडीलधाऱ्यांना विचारा, शेवटी समुद्राला अगस्ती ऋषींचा धाक घातला होता का? ‘हो’ म्हणाले, तर शंका उरत नाही.