ऑफर हातात, तारीख हवेत

प्रश्न : कॅम्पस निवडीला दहा महिने झाले. कंपनी ‘लवकरच कळवू’ एवढंच म्हणते. दुसरी नोकरी धरली तर करारभंग होईल का?
– एक वाचक, मीरा रोड

उत्तर : सहसा नाही. बॉण्ड बहुधा रुजू झाल्यावर लागू होतो. तरी पत्रातल्या अटी वाचा. रुजू होईपर्यंत तुम्ही कर्मचारी नसता, त्यामुळे पगार नाही आणि कामगार कायद्याचा आधारही तोकडा. इन्फोसिसने २०२२ मध्ये निवडलेले सुमारे दोन हजार जण दोन वर्षं ताटकळले. पुण्याच्या ‘नाइट्स’ या आयटी कर्मचारी संघटनेने २०२४ मध्ये केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे तक्रार केल्यावर त्यांना तारखा मिळू लागल्या. म्हणजे थांबणाऱ्यांना नोकरी मिळते, असं म्हणाल. पण मधल्या दोन वर्षांचा पगार आणि अनुभव कोण भरून देणार? एचआरला ईमेल करून लेखी तारीख मागा आणि तोवर मिळेल ती योग्य नोकरी धरा. तारीख आलीच, तर निवड तुमच्या हातात राहील.