एकाच स्वेटरच्या दोन बाह्या

लहान घेराचं विणकाम आपल्याकडे फार वर्षं दोनच सुयांवर होत आलं. बाळंतविड्यातले पायमोजे सपाट विणायचे, मग घडी घालून शिवायचे. बाह्यांचंही तेच. पण ती शिवण बाळाच्या बोटांना टोचते आणि काखेत जाड गाठीसारखी राहते. म्हणून आता बऱ्याच जणी बिनशिवणीचं, नळीसारखं गोल विणायला शिकू लागल्या आहेत. त्यासाठी दोन वाटा आहेत. एक जुनी, दोन्ही बाजूंनी टोक असलेल्या चार-पाच आखूड सुयांची. या लेखात त्यांना दुटोकी सुया म्हणते. दुसरी अलीकडची, मॅजिक लूपची: लांब केबल असलेली एकच गोल सुई घ्यायची आणि जास्तीची केबल टाक्यांच्या मधून फासासारखी बाहेर काढून ठेवायची.

दुटोकी सुया किती जुन्या, तर जर्मनीतल्या बुक्स्टेहुड इथल्या वेदीसाठी साधारण 1400 च्या सुमारास काढलेल्या चित्रात मेरी बाळासाठी अशाच सुयांवर गोल कपडा विणताना दिसते. मॅजिक लूपचा प्रसार मात्र 2002 नंतरचा. सारा हौश्का यांची ही युक्ती बेव्ह गॅलेस्कस यांनी त्या वर्षी छोट्या पुस्तिकेतून लोकांपुढे आणली. दोन्हींपैकी चांगली कोणती, असं मला सारखं विचारलं जातं. माझ्याकडे त्याचं उत्तर एका स्वेटरच्या अनुभवातून आलं आहे.

यवतमाळची थंडी थोड्या दिवसांची असते, पण डिसेंबर-जानेवारीतल्या सकाळी लहान मुलांना स्वेटर लागतोच. भाचीच्या दोन वर्षांच्या मुलासाठी मी गळ्यापासून खाली असा बिनशिवणीचा स्वेटर विणत होते. मध्यम जाडीची लोकर, 8 नंबरची म्हणजे 4 मिलिमीटरची सुई. अंग झालं. पहिली बाही बांबूच्या दुटोकी सुयांवर झाली. काखेपाशी 44 टाके, तिथून हळूहळू घटवत मनगटाशी 34. दुसऱ्या बाहीचे टाके उचलले आणि संचातली एक सुई मधोमध मोडली. सुट्टी सुई मिळत नाही, अख्खा संचच घ्यावा लागतो. हाताशी त्याच 8 नंबरची धातूची गोल सुई होती, केबलही लांब होती. बाही मॅजिक लूपवर पूर्ण केली.

टाके तेवढेच, फेऱ्या तेवढ्याच, लोकर त्याच गुंडाळ्यांची, हातही माझाच. तरी दोन्ही बाह्या एकमेकींवर ठेवल्या तेव्हा दुसरी रुंदही होती आणि लांबही. फूटपट्टी लावली. बांबूच्या सुयांवर 10 सेंटिमीटरमध्ये 22 टाके बसले होते, धातूच्या गोल सुईवर 20. म्हणजे 44 टाक्यांची पहिली बाही 20 सेंटिमीटर घेराची आणि दुसरी 22. उभ्या मापातही तसंच: पहिलीत 10 सेंटिमीटरला 28 फेऱ्या, दुसरीत 26. बाही 56 फेऱ्यांची होती, म्हणजे एक 20 सेंटिमीटर लांब आणि दुसरी साडेएकवीस. एवढ्या लहान अंगावर हा फरक लांबूनही दिसतो.

कारण शोधलं तेव्हा कळलं की नंबर फक्त सुईची जाडी सांगतो, टाका किती सैल पडेल ते सांगत नाही. बांबू लोकरीला थोडा धरून ठेवतो, त्यामुळे टाका आवळून बसतो. गुळगुळीत धातूवर धागा सरकतो आणि टाका मोठा होतो. त्यातच विणण्याची लय बदलते. दुटोकी सुयांवर दर दहा-बारा टाक्यांनी सुई बदलावी लागते, मॅजिक लूपवर 22 टाके सलग विणून होतात. काहींचा हात सलग विणताना सैल होतो, तर काहींचा केबल ओढण्याच्या काळजीने उलट आवळतो. फरक कुठल्या बाजूला जाईल हे दुसरी कोणी सांगू शकत नाही. ते आपल्या हाताचं माप आहे, आपणच मोजायचं.

मी दुसरी बाही काखेपर्यंत उसवली आणि 9 नंबरच्या, म्हणजे 3.75 मिलिमीटरच्या गोल सुईवर पुन्हा घेतली. आठ सेंटिमीटर विणून मोजलं, पुन्हा 22 टाके आले, मगच पुढे गेले. इथे एक इशारा देऊन ठेवते. आपल्या दुकानातल्या जुन्या नंबरात आकडा वाढला की सुई बारीक होते. अमेरिकी नंबरात उलटं आहे. आपली 10 नंबरची सुई सव्वातीन मिलिमीटरची, तिथली 10 नंबरची 6 मिलिमीटरची. नमुना कुठलाही असो, मिलिमीटरच पाहावेत.

यातून पहिला नियम निघतो: एका जोडीतल्या दोन्ही वस्तू एकाच साधनावर, एकाच धातूच्या किंवा बांबूच्या सुयांवर करायच्या. दोन्ही मोजे, दोन्ही बाह्या. पट्टीसारखा सपाट विणलेला नमुनाही इथे फसवतो, कारण सपाट विणताना एक ओळ सुलट आणि एक उलट जाते. पुष्कळ जणींची उलट ओळ सैल पडते. गोल विणताना सगळ्याच फेऱ्या सुलट असतात. म्हणून बाही हाच नमुना समजावा: सात-आठ सेंटिमीटर विणून थांबावं आणि काठापासून दूर, मधल्या भागात माप घ्यावं.

दुसरी अडचण शिडीची. गोल विणताना एका सुईवरचा शेवटचा टाका आणि पुढच्या सुईवरचा पहिला टाका यांच्यामधला धागा ताणला जातो. दर फेरीत त्याच जागी ताणला की तिथे आडव्या दांड्यांची उभी रेघ तयार होते. बाहीत हात घालून बोटं पसरा आणि खिडकीकडे धरा, शिडी लगेच दिसते. तीन सुयांवर टाके धरले तर त्रिकोण होतो आणि कोपरे तीव्र होतात. चार सुयांवर धरून पाचवीने विणलं तर चौकोन होतो आणि कोपऱ्यावरचा ताण कमी होतो. म्हणून संच पाचाचाच घ्यावा. नवीन सुईवरचा पहिला टाका सगळ्याच जणी आवळतात; खरा उपयोग दुसरा टाका विणल्यावर धागा ओढून धरण्याचा आहे, कारण तेव्हा पहिला टाका जागच्या जागी बसतो.

मॅजिक लूपला असे सांधे दोनच असतात, पण केबल कडक असेल तर ती सांध्याला दोन्हीकडे फाकवते आणि शिडी उलट जास्त ठसठशीत येते. केबल गरम पाण्यात मिनिटभर बुडवून सरळ ओढून धरली की बरीच नरम होते. तिची लांबी टोकापासून टोकापर्यंत निदान 80 सेंटिमीटर हवी, 100 असेल तर आणखी सोपं. 60 सेंटिमीटरवर फास पुरत नाही आणि टाके ताणले जातात. दोन्ही पद्धतींत शिडी टाळायचा सोपा उपाय म्हणजे सांधा हलवत राहणं. दर फेरीच्या शेवटी पुढचे दोन टाके त्याच सुईवर विणून घ्यायचे, म्हणजे ताण एका रेघेत साठत नाही. फेरीची सुरुवात मात्र रंगीत धाग्याने खुणावून ठेवावी, नाहीतर घटवण्याची जागा चुकते. एक सुलट एक उलट अशा बॉर्डरमध्ये प्रत्येक सुईची सुरुवात सुलट टाक्याने होईल अशी वाटणी करावी, उलट टाक्यावर सांधा आला तर ढिलाई जास्त दिसते.

आपल्या भागात याला आणखी एक बाजू आहे. खऱ्या मेंढीच्या लोकरीत लवचीकपणा असतो. धुऊन आकार देऊन वाळवली की लहानसहान शिड्या भरून येतात. पण आपल्याकडे लोकर म्हणून जे मिळतं त्यातलं पुष्कळसं ॲक्रिलिक असतं, आणि त्यात हे होत नाही. इस्त्री केली तर वीण चपटी होऊन कायमची मरते. सुताचंही तसंच. कापसाच्या जिल्ह्यात राहत असल्यामुळे पायाला घाम येणार नाही असे सुती मोजे हवेत, अशी मागणी माझ्याकडे नेहमी येते. सुताचा धागा ताणत नाही, म्हणून त्यात पडलेली शिडी मोजा फाटेपर्यंत राहते. सुतासाठी मी बांबूच्या पाच दुटोकी सुयाच घेते. धागा त्यावर घट्ट बसतो आणि टाका निसटत नाही. मात्र अडीच मिलिमीटरहून बारीक बांबू मोडतो, तिथे धातू बरा.

मग निवड कशी करायची? घेर आणि काम पाहून. हातमोज्याचा अंगठा, बाळाच्या मोज्याचं टोक, टोपड्याचा शेंडा, जिथे वीसपेक्षा कमी टाके उरतात तिथे दुटोकी सुया घ्याव्यात. एवढ्या थोड्या टाक्यांत केबलचा फास त्यांनाच ओढतो. अंगाला जोडलेली बाही असेल तर मॅजिक लूप. अख्ख्या स्वेटरचं वजन लटकत असताना दुटोकी सुया दोन्ही टोकांकडून टाके सोडतात, आणि प्रवासात एखादी सुई एसटीच्या बाकाखाली गेली की काम तिथेच थांबतं. मोठ्या माणसाच्या मोज्याला दोन्ही चालतात. मॅजिक लूपवर निम्मे टाके पायाच्या वरच्या बाजूचे आणि निम्मे तळव्याचे असे आपोआप वेगळे होतात, त्यामुळे टाच फक्त एका निम्म्यावर विणता येते. शिकाऊ हाताला हे लवकर समजतं.

मॅजिक लूपची आणखी एक सोय मला फार मोलाची वाटते. सुटे मोजे किंवा सुट्या बाह्या असतील तर दोन गुंडाळ्या घेऊन एकाच केबलवर शेजारी शेजारी विणता येतात. एकीत घट केली की त्याच फेरीत दुसरीत करायची. एक सुई, एक हात, एकच दिवस, त्यामुळे दोन्हींचं माप जुळतं. अंगाला जोडलेल्या बाह्यांना ही सोय अवघड पडते; तिथे एक पुरी करून लगेच दुसरी घ्यावी, महिनाभर मध्ये जाऊ देऊ नये.

सुरुवात करताना टाके वेटोळं खातात, ही नवशिक्यांची तक्रार दोन्ही पद्धतींत असते. पहिल्या दोन ओळी सपाट विणून मग गोल जोडावं. काठाला वजन आलं की पीळ लगेच दिसतो आणि जोडावरची छोटी फट सुरुवातीच्या शेपटीच्या धाग्याने शिवून टाकता येते. मॅजिक लूपवर प्रत्येक निम्म्याच्या सुरुवातीला धागा सुईच्या मागून येतोय ना ते पाहावं. तो सुईवरून फिरला तर एक टाका वाढतो. पाच-सहा फेऱ्यांनी टाके मोजले की ही चूक वेळीच सापडते.

काम संपलं की उरलेल्या लोकरीसोबत एक चिठ्ठी ठेवते: सुई किती मिलिमीटरची, बांबू की धातू, दुटोकी की मॅजिक लूप, आणि 10 सेंटिमीटरमध्ये किती टाके व किती फेऱ्या. पुढच्या थंडीत मूल वाढलेलं असतं आणि बाही उसवून लांब करावी लागते. तेव्हा ही चिठ्ठी नसेल तर नवा भाग जुन्याशी जुळत नाही, लोकर तीच असली तरी.