जुन्या फोनवर व्हीपीएन मंद: एईएस की चाचा?

प्रश्न : माझ्याकडे २०१३ चा मोटो जी आहे. ऑफिसचे ओपनव्हीपीएन लावले की वेग फार पडतो. एईएस बदलून चाचा घ्यावे का?
– एक वाचक, भरे (ता. मुळशी)

उत्तर : होय, घ्या. तुमच्या फोनमधल्या कॉर्टेक्स-ए७ प्रोसेसरला एईएसच्या खास सूचना नाहीत, त्यामुळे ते सगळे काम सॉफ्टवेअरला करावे लागते. चाचा२० फक्त बेरीज, फिरवणे आणि एक्सॉर यांवर चालते. ते साध्या प्रोसेसरलाही झेपते. अशा फोनवर ते एईएस-जीसीएमच्या सुमारे तिप्पट वेगवान असल्याचे गूगलने २०१४ मध्ये सांगितले होते. सुरक्षिततेत तुम्ही काही गमावत नाही.

इतर वाचकांनी टर्मक्समध्ये आपला फोन तपासावा:

```
grep -m1 Features /proc/cpuinfo
```

उत्तरात `aes` दिसले, तर एईएसच ठेवा.

ओपनव्हीपीएनमध्ये निवड सर्व्हरच्या यादीच्या क्रमाने होते. म्हणून फोनच्या फाइलमध्ये एकच नाव ठेवा:

```
data-ciphers CHACHA20-POLY1305
```

जोडणीच झाली नाही, तर सर्व्हरवर चाचाला परवानगी नाही. ती ऑफिसकडून मागून घ्या. वायरगार्डमध्ये मात्र चाचाच असते.

त्याआधी व्हीपीएन बंद करून वेग मोजा. तेव्हाही तो तेवढाच कमी असेल, तर अडचण नेटवर्कची आहे. सायफर बदलून फरक पडणार नाही.